बारा वर्षे नेमकी कधीपासून मोजायची?

प्रश्न : मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मालमत्ता कायद्याच्या विषयात प्रतिकूल ताब्यावर दोन्ही बाजू मांडणारा निबंध लिहायचा आहे. विरोधाची बाजू एका बैठकीत लिहून झाली, कारण बारा वर्षे दुसऱ्याची जमीन वापरली की ती आपली होते ही मला सरळसरळ कायदेशीर चोरी वाटते. समर्थनाची बाजू लिहायला बसले की काहीच सुचत नाही. त्यात आमच्या घरचंच उदाहरण डोळ्यासमोर येतं. आजोबांची जमीन पंचवीस वर्षे काका एकटेच कसतात आणि बाबा म्हणतात, ‘आता ती गेल्यात जमा.’ मनात इतका राग असताना तटस्थपणे कसं लिहू? – तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : रागाला थोडं बाजूला ठेवा आणि मुदत कायदा, 1963 ची अनुसूची उघडा. अनुच्छेद 65 मध्ये तीन रकाने आहेत. पहिल्यात दाव्याचं वर्णन : मालकी हक्काच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा मागणारा दावा. दुसऱ्यात मुदत : बारा वर्षे. सगळेजण इथवर वाचतात आणि थांबतात. तिसऱ्या रकान्यात मुदत कधी सुरू होते ते लिहिलेलं आहे : प्रतिवादीचा ताबा वादीला *प्रतिकूल होतो* तेव्हा. ताबा सुरू झाला त्या दिवसापासून असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. तुमचा अख्खा निबंध या तिसऱ्या रकान्यावर उभा करता येईल, आणि माझं मत विचाराल तर तसाच तो करावा.

याच्या जोडीला कलम 27 वाचा. मुदत संपली की एरवी फक्त कोर्टात जाण्याचा मार्ग बंद होतो, मूळ हक्क संपत नाही. मुदतबाह्य झालेलं कर्ज वसूल करता येत नाही, पण ऋणकोने आपणहून फेडलं तर ते देणं फेडल्यासारखंच असतं. मिळकतीच्या ताब्याबाबत मात्र कलम 27 एक पाऊल पुढे जातं. दाव्याची मुदत संपली की मालकाचा हक्कच संपतो. या विषयात जो काही जीव आहे तो या दोन तरतुदी एकत्र वाचल्यावर येतो.

आता ताबा प्रतिकूल केव्हा होतो ते पाहू. पाठ्यपुस्तकांत घटकांची यादी असते : प्रत्यक्ष ताबा, उघड ताबा, सलग ताबा, इतरांना वगळून एकट्याचा ताबा आणि मालकाच्या हक्काविरुद्धचा ताबा. पहिले चार घटक सिद्ध करायला तुलनेने सोपे असतात. पीकपाहणीच्या नोंदी, वीजबिलं, विहिरीचा खर्च आणि शेजाऱ्यांची साक्ष यांतून ते उभे राहतात. दावे कोसळतात ते पाचव्या घटकावर. ताबेदाराने ही जमीन मालकाच्या हक्काविरुद्ध, स्वतःची म्हणून धरली होती का, आणि ते बाहेरून दिसत होतं का, हा खरा प्रश्न असतो. सर्वोच्च न्यायालयाने ‘कर्नाटक बोर्ड ऑफ वक्फ विरुद्ध भारत सरकार’ या 2004 च्या निकालात ताबेदाराने काय काय दाखवायचं ते सांगितलं आहे : ताबा कोणत्या तारखेला आला, कोणत्या स्वरूपाचा होता, दुसऱ्या बाजूला तो माहीत होता का, किती काळ चालला, आणि उघड व निर्वेध होता का. शिवाय खऱ्या मालकाचा हक्क बुडवू पाहणाऱ्याच्या बाजूने न्यायालयाची सहानुभूती असत नाही, हेही तिथे स्पष्ट केलं आहे. शाबितीचा सगळा भार ताबेदारावर असतो.

हे कोरडं वाटू नये म्हणून एक काल्पनिक उदाहरण तारखांसकट घेऊ. निबंधातही ते असंच वापरता येईल.

एका मालकाची एक एकर जमीन आहे. 1985 मध्ये तो नोकरीसाठी गाव सोडतो आणि शेजाऱ्याला तोंडी सांगतो, ‘जमीन पडीक ठेवू नकोस, कसून खा, माझं लक्ष राहील.’ शेजारी कसू लागतो. पीकपाहणीत त्याचं नाव येतं. 1994 मध्ये मालक वारतो, मुलं शहरातच राहतात. 1999 मध्ये मुलगा जमीन पाहायला येतो तेव्हा शेजारी त्याला बांधावरच अडवतो. मुलाच्या वकिलाच्या नोटिशीला तो लेखी उत्तर देतो : ‘जमीन माझी आहे, तुमचा काहीही संबंध नाही.’ मुलगा 2009 मध्ये ताब्याचा दावा लावतो.

शेजाऱ्याचा वकील म्हणेल, चोवीस वर्षे झाली. पण 1985 ते 1999 ही चौदा वर्षे मोजायचीच नाहीत. त्या काळात शेजारी मालकाच्या परवानगीने जमिनीत होता. परवानगीचा ताबा कितीही लांबला तरी तो आपोआप प्रतिकूल होत नाही, आणि मालक वारल्यामुळे किंवा परवानगी मनातल्या मनात झुगारल्यामुळेही त्याचं स्वरूप बदलत नाही. ते बदललं 1999 मध्ये, कारण त्या वर्षी शेजाऱ्याने मालकाच्या वारसाला तोंडावर आणि लेखी, दोन्ही प्रकारे हक्क नाकारला. तिथून 2009 पर्यंत दहा वर्षे होतात. दावा मुदतीत आहे आणि जमीन वारसांना परत मिळेल.

आता एकच तारीख बदला. मुलाने दावा 2009 ऐवजी 2013 मध्ये लावला. 1999 पासून चौदा वर्षे झाली. मधल्या काळात त्याने चार नोटिसा पाठवल्या असतील, तहसील कार्यालयात अर्ज केले असतील, गावात बैठक बोलावली असेल. यातल्या कशानेही मुदत थांबत नाही. ती थांबते दावा दाखल झाल्यावर. कलम 27 नुसार मुलाचा हक्क संपला.

आणखी एक बदल करून पाहा. 2006 मध्ये शेजाऱ्याने मुलाला सही करून पत्र लिहिलं : ‘तुमच्या मालकीची ही जमीन मला योग्य किमतीत द्यावी.’ मुदत संपायच्या आत दिलेली ही मालकीची लेखी, सहीची कबुली आहे. कलम 18 नुसार तिच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. शिवाय ‘जमीन माझी’ हा त्याचा पवित्राही त्या पत्राने सोडला. आता 2013 चा दावा पुन्हा मुदतीत येतो.

एकाच जमिनीचे, एकाच ताब्याचे हे तीन वेगळे निकाल आहेत. परीक्षकाला हे दाखवलंत की निम्मं काम झालं, कारण प्रतिकूल ताब्याबद्दलचा बराचसा संताप ज्या प्रकरणांवर असतो त्यांत हा सिद्धांत लागूच होत नाही. भाडेकरू, राखणदार, वाट्याने कसणारा, उसना ताबा घेतलेला नातेवाईक, साठेखत करून ताबा घेतलेला खरेदीदार हे सगळे परवानगीने आत आलेले असतात. त्यांची वर्षे कितीही साचली तरी मुदतीचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं.

इथे तुमच्या काकांचा विषय येतो. तुमच्या बाबांनी जे गृहीत धरलंय ते बहुधा चुकीचं आहे. आजोबांची जमीन वारसाने आली असेल आणि वाटप झालेलं नसेल तर काका सहहिस्सेदार आहेत, आणि एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सगळ्यांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. ‘पी. लक्ष्मी रेड्डी विरुद्ध एल. लक्ष्मी रेड्डी’ या 1957 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडलं आहे. एकट्याने कसणं आणि उत्पन्न एकट्याने घेणं एवढ्याने काही होत नाही. दुसऱ्या हिस्सेदाराचा हक्क त्याला कळेल अशा रीतीने उघडपणे नाकारला गेला पाहिजे, आणि त्यानंतर पूर्ण मुदत उलटली पाहिजे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलं गेलेल्याने हिस्सा मागण्यासाठी अनुच्छेद 110 आहे. तिथेही बारा वर्षे आहेत, पण वगळलं गेल्याचं वादीला *कळल्यापासून*.

म्हणून बाबांना ‘किती वर्षे झाली’ हे विचारू नका. त्यांना तीन गोष्टी विचारा. तोंडी किंवा लेखी वाटप कधी झालं का? काकांनी ‘तुझा हिस्सा नाही’ असं कधी, कोणासमोर आणि कशातून सांगितलं? बाबांचं नाव सातबाऱ्यावर आहे का, आणि नसेल तर ते कोणत्या फेरफाराने व कोणत्या तारखेला कमी झालं? त्या फेरफाराची नक्कल आणि तेव्हा बाबांना नोटीस बजावली होती का याची नोंद आधी काढा. फेरफाराने मालकी जात नाही, पण बाबांनी त्या नोटिशीवर सही केली असेल तर ‘वगळल्याचं कळलं’ ही तारीख तीच होती असा युक्तिवाद काकांच्या बाजूने होऊ शकतो. बाबांनी मागे केव्हा हक्कसोडपत्र करून दिलेलं असेल, तर प्रश्न प्रतिकूल ताब्याचा उरतच नाही. तारीख जवळ येत असल्याची शंका आली तर आपसातल्या बोलण्यांवर विसंबून न राहता दिवाणी वकिलाकडून वाटपाचा दावा तयार करून घ्यावा.

घरचं प्रकरण निबंधात मात्र आणू नका. ते प्रतिकूल ताब्याचं उदाहरण म्हणून टिकणार नाही आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.

आता वादाकडे वळू. विरोधाची बाजू तुम्ही लिहिली आहे, पण ‘चोरी’ या शब्दावर ती पुरेशी उभी राहत नाही. तिचं खरं बळ कुठे आहे ते सांगते. घटक जितके कडक, तितका या सिद्धांतात एक विचित्र गुण शिरतो : ज्याचा इरादा जास्त वाईट, त्याचा दावा जास्त मजबूत. मालकाच्या मेहेरबानीने राहणारा प्रामाणिक माणूस हरतो आणि पहिल्या दिवसापासून दांडगाई करणारा जिंकू शकतो. ‘हेमाजी वाघाजी जाट’ प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याला अतार्किक आणि प्रमाणाबाहेर कठोर म्हटलं आणि केंद्र सरकारला त्याचा गांभीर्याने फेरविचार करायला सुचवलं. शिवाय मालकाला एक पैसा भरपाई मिळत नाही. हा टीकेचा कळीचा मुद्दा आहे, तो ठळक करा. दुसरा मुद्दा सरकारचा. सरकारच्या जमिनीवर कोणी प्रतिकूल ताबा सांगितला तर ती परत मिळवण्यासाठी दावा लावायला सरकारला अनुच्छेद 112 नुसार तीस वर्षांची मुदत आहे, पण सरकार स्वतःच नागरिकाच्या जमिनीवर बसून प्रतिकूल ताबा सांगतं तेव्हा काय? ‘विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश’ या 2020 च्या निकालात रस्त्यासाठी 1967 मध्ये संपादनाशिवाय घेतलेल्या जमिनीबाबत राज्याचा असा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. कल्याणकारी राज्याने हा बचाव घेऊ नये, हे त्यात ठामपणे आलं आहे. विरोधाच्या बाजूतला हा भाग मला सर्वांत पटतो.

समर्थनाच्या बाजूने लिहिताना गुंडाची बाजू घ्यावी लागते असं तुम्ही धरून चालला आहात, म्हणून शब्द सुचत नसावेत. वेगळा माणूस डोळ्यासमोर आणा. एका शेतकऱ्याने पूर्ण किंमत मोजून जमीन घेतली, पण खरेदीखत नोंदवलं नाही. साध्या कागदावर लिहून घेतलं, ताबा घेतला, त्याच्या मुलाने तीच जमीन कसली, नातवाने तिथे घर बांधलं. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, म्हणून कायद्याच्या नजरेत ती विक्री झालीच नाही. चाळीस वर्षांनी विकणाऱ्याचा वारस येतो आणि जमीन परत मागतो. पैसे घेणारा वारला, साक्षीदार वारले, कागद विरला. अशा वेळी त्या कुटुंबाला वाचवणारा कायदा प्रतिकूल ताब्याचाच. अवैध ठरलेल्या हस्तांतराखाली पण स्वतःच्या हक्काने घेतलेला ताबा पहिल्या दिवसापासून प्रतिकूल धरता येतो. कलकत्त्याच्या डलहौसी इन्स्टिट्यूट सोसायटीच्या 1970 च्या प्रकरणात सरकारकडून मिळालेलं दान कायदेशीर रीत्या पूर्ण झालेलं नव्हतं, तरी दीर्घ ताब्यामुळे संस्थेचा हक्क मान्य झाला.

या माणसाच्या बाबतीत एक मोठी चूक होते, तीही निबंधात दाखवा. कैफियतीत वकील लिहितो, ‘जमीन आम्ही विकत घेतली म्हणून आमची आहे, आणि नाहीतर प्रतिकूल ताब्याने आमची आहे.’ ही दोन विधाने एकमेकांना खातात. प्रतिकूल ताबा सांगायचा तर मालक दुसरा होता हे आधी मान्य करावं लागतं, आणि कोणत्या तारखेपासून त्याच्याविरुद्ध धरलं ते सांगावं लागतं. नुसतं ‘अनेक वर्षांपासून ताबा आहे’ असं मोघम लिहिलेलं कोर्टात टिकत नाही. आणि कागद साठेखताचा असेल, म्हणजे विक्री पुढे व्हायची असेल, तर ताबा परवानगीचा ठरतो आणि सगळी इमारत ढासळते. म्हणून पहिलं काम म्हणजे तो साधा कागद शब्दशः वाचणं : ‘विकली’ आहे की ‘विकण्याचं कबूल केलं’ आहे.

समर्थनाचा दुसरा आधार आपल्या नोंदींच्या स्वरूपात आहे. आपल्याकडची अधिकार अभिलेखातली नोंद ही खरी असल्याचं गृहीत धरतात, पण विरुद्ध पुरावा आला की ती बाजूला पडते. मालकीची सरकारी हमी त्यात नसते. अशा व्यवस्थेत कुठेतरी जुने वाद मिटले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक खरेदीदाराला पणजोबांपर्यंत हक्काची साखळी तपासावी लागेल. इंग्लंडने 2002 च्या जमीन नोंदणी कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे नोंदणीकृत जमिनीवर दहा वर्षे ताबा असलेल्याने अर्ज करायचा, कार्यालय मालकाला नोटीस देतं, मालकाने विरोध केला तर अर्ज बहुधा फेटाळला जातो आणि मालकाला ताबेदाराला काढायला दोन वर्षे मिळतात. निबंधात ही तुलना सगळेच करतात. तुम्ही पुढचं वाक्य लिहा : ही योजना चालते कारण तिथे नोंदवहीतलं नाव हाच मालक. जिथे नोंदीत पणजोबांचंच नाव आहे तिथे नोटीस पाठवायची कोणाला?

दोन्ही बाजूंचा सामना खऱ्या अर्थाने होतो तो मालकाच्या माहितीवर. 1934 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, म्हटलं होतं की ताबा उघड असला आणि जागरूक मालकाला तो कळू शकला असता, तर पुरे. अलीकडचे निकाल प्रत्यक्ष माहितीकडे जास्त झुकतात. पहिली कसोटी घेतली तर परगावी असलेला, विधवा असलेली किंवा नोंदी वाचता न येणारा मालक नकळत जमीन गमावतो. दुसरी घेतली तर साध्या कागदावर विश्वास ठेवलेल्या कुटुंबाला मेलेल्या मालकाच्या मनातली माहिती सिद्ध करत बसावं लागतं. माझा कौल असा : जिथे ताबेदाराने मोबदला दिल्याचा काही पुरावा आहे तिथे जुनी, सैल कसोटी पुरे. जिथे काहीच नाही आणि ताबा नुसत्या बळाचा आहे तिथे मालकाला प्रत्यक्ष माहिती होती हे दाखवण्याची अट हवी, आणि हक्क मिळालाच तर किमतीच्या काही भागाची भरपाईही हवी. तुम्हाला वेगळं वाटू शकतं, पण कुठली तरी रेघ तुम्हाला ओढावीच लागेल.

हा वाद मिटलेला नाही, हे सांगायला दोन संदर्भ पुरतील. ‘रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजित कौर’ या 2019 च्या तीन न्यायाधीशांच्या निकालाने, प्रतिकूल ताब्याने हक्क मिळालेला माणूस केवळ बचावात नव्हे तर वादी म्हणूनही दावा लावू शकतो असं ठरवलं. त्याआधीचा 2014 चा उलटा निकाल त्याने रद्द केला. आणि 2008 च्या त्या सूचनेनंतर विधी आयोगाने 2023 मध्ये 280 व्या अहवालात कायद्यात बदलाची गरज नाही असं सांगितलं, मात्र दोन पदसिद्ध सदस्यांनी असहमती नोंदवली. बहुमत आणि असहमती दोन्ही मुळातून वाचा. निबंधाची चौकट तिथे तयार आहे.

बांधणी करताना ‘फायदे’ आणि ‘तोटे’ असे दोन समान तुकडे पाडू नका. वरचं तारखांचं उदाहरण सुरुवातीला घ्या, घटक त्यातूनच समजावा आणि मग त्याच शेजाऱ्याच्या जागी साध्या कागदावर खरेदी केलेलं कुटुंब बसवा. 1908 च्या जुन्या मुदत कायद्यात ताबा गमावलेल्या मालकालाच बारा वर्षांच्या आत आपला ताबा होता हे सिद्ध करावं लागे, आणि 1963 मध्ये हक्काच्या दाव्यात तो भार ताबेदारावर सरकवला गेला, हा बदल एका परिच्छेदात मांडा. कायदा मालकाच्या बाजूने आधीच किती सरकला आहे ते त्यातून दिसतं, आणि तुमचा विरोधाचा युक्तिवाद तिथून पुढे सुरू व्हायला हवा.